आलेखाखालची चार वाक्यं: सांगलीच्या पुराचा संच लिहिताना

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत नदीकाठच्या वस्त्यांमध्ये बैठका सुरू होतात. अशा बैठकांसाठी कृष्णेच्या पुराची आकडेवारी मांडणारा स्लाइडचा एक संच करायचं काम आमच्या छोट्या गटाकडं आलं. आलेख काढणार एक तरुण सहकारी, आणि प्रत्येक आलेखाखाली तो काय दाखवतो आणि त्याचं आपल्याला काय, हे लिहायचं काम माझं. संच पडद्यावर दाखवायचा होता, तसाच छापून समाजमंदिराच्या भिंतीवरही लावायचा होता. म्हणजे समजावून सांगायला शेजारी कुणी नसताना तो वाचला जाणार होता. अशा वेळी आलेखाखालच्या मजकुरावर सगळी भिस्त असते.

मी प्रत्येक स्लाइडसाठी साधारण चार वाक्यांची जागा ठेवली. पहिल्या वाक्यात काय मोजलं, कुठं आणि कधी. दुसऱ्यात नजर जिथं थांबायला हवी ती एक गोष्ट. तिसऱ्यात वाचणाऱ्याला त्याचा उपयोग काय, आणि चौथ्यात हा आलेख काय सांगत नाही. लिहिताना मात्र सुरुवात पहिल्यापासून करत नाही. आधी सहकाऱ्याकडून आकड्यांचा मूळ तक्ता मागवून घेते आणि चित्र न बघता तोच वाचते. चित्र आधी पाहिलं की डोळा उंच काडीकडं जातो आणि मग आपण त्या काडीचंच वर्णन करत बसतो. तक्त्यात मात्र स्तंभाचं नाव दिसतं, एकक दिसतं, नोंदीची वेळ दिसते, रिकाम्या जागाही दिसतात.

पहिली स्लाइड सगळ्यांच्या ओळखीची होती: सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची कमाल पातळी, 2005, 2019 आणि 2021 या मोठ्या पुरांची. सांगलीत पुराची भाषाच मुळी आयर्विनच्या फुटांची आहे. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे इथं शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. 2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं होतं, 2019 ला 57 च्या पुढं, 2021 ला 55 च्या आसपास. सहकाऱ्यानं तीन काड्या काढल्या होत्या आणि खाली कच्चा मजकूर लिहून ठेवला होता: '2019 चा पूर 2005 पेक्षा सुमारे सात टक्के जास्त.'

गणित बरोबर होतं. इंच सोडून 53 आणि 57 धरले, तर चार फुटांचा फरक म्हणजे साडेसात टक्के. पण आमच्या गटात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते आहेत, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांनी वाक्य वाचून कागद बाजूला ठेवला. "मुली, पट्टीचं शून्य कुठं आहे ते बघ आधी," म्हणाले. "शून्य फूट म्हणजे नदीत पाणी नाही, असं कुणी सांगितलं?"

नदीच्या मोजपट्टीचं शून्य हे धरून चाललेलं एक ठिकाण असतं. ते दहा फूट खाली धरलं असतं तर 2019 चा तोच पूर 67 फुटांचा म्हटला गेला असता, आणि पाणी एक इंचही वाढलं नसतं. त्यामुळं दोन पातळ्यांची वजाबाकी खरी असते, भागाकार खरा नसतो. मी साहेबांसमोरच दुसरं गणित करून पाहिलं. धोका पातळीपासून मोजलं तर 2005 ला पाणी आठ फूट वर, 2019 ला बारा फूट वर, म्हणजे दीडपट. त्याच दोन पुरांत एकदा साडेसात टक्क्यांचा फरक आणि एकदा पन्नास टक्क्यांचा. कुणाला पूर लहान दाखवायचा असेल तर त्यानं पहिला आकडा घ्यावा, मोठा दाखवायचा असेल तर दुसरा. ज्या आकड्याशी इतकं खेळता येतं तो भिंतीवर लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

काड्याही काढून टाकल्या. काडीची लांबी डोळ्याला 'इतकं पट' असंच सांगते, आणि इथं पट सांगायचाच नव्हता. त्याऐवजी तीन ठिपके आणि 40 व 45 च्या दोन आडव्या रेघा घेतल्या. खालचा मजकूर असा झाला:

'आयर्विन पुलाजवळ तीन मोठ्या पुरांत पाणी जास्तीत जास्त किती चढलं ते इथं दिसतं. तिन्ही वेळा पाणी 45 फुटांच्या धोका पातळीच्या किमान आठ फूट वर होतं, आणि 2019 ला ते 2005 च्या खुणेपेक्षा साधारण चार फूट आणखी वर गेलं. तुमच्या घरावर 2005 च्या पाण्याची खूण असेल तर 2019 सारख्या पुरात तिच्या वर जवळजवळ एका दरवाजाच्या निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं, म्हणून सामान हलवताना ती खूण शेवटची मानू नका. पाणी किती वेगानं चढलं आणि किती दिवस राहिलं, हे या आलेखात नाही.'

तिसऱ्या वाक्यावर मी बराच वेळ घालवला. फुटांचा फरक घराच्या भिंतीवर आणून ठेवला की तो कळतो. मात्र तसं लिहिताना 'असू शकतं' हा शब्द ठेवावाच लागतो, कारण पुलाजवळ चार फूट म्हणजे दूरच्या गल्लीत बरोबर चारच फूट, असं होत नाही. गल्लीचा उतार, नाले आणि मध्ये झालेला भराव यांवर ते ठरतं.

चौथ्या वाक्यानं पुढच्या स्लाइडची गरज सांगून टाकली. 2019 आणि 2021 चे पूर कमाल पातळीच्या आलेखात शेजारी शेजारी दिसतात, पण ज्यांनी दोन्ही अंगावर घेतले त्यांना ते वेगळे आठवतात. 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी दिवसेंदिवस हललं नाही. 2021 च्या जुलैत ते झपाट्यानं आलं. त्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. म्हणून दुसऱ्या स्लाइडवर प्रत्येक पुराची तासागणिक पातळी घेतली आणि तिन्ही रेघा 40 फूट ओलांडल्याच्या क्षणापासून सुरू केल्या. आडव्या अक्षावर तारखेऐवजी 'इशारा पातळीनंतरचे तास' आले. असं केल्यावर चढ कोणाचा उभा आणि ठाण कोणी जास्त मांडलं, हे एका नजरेत दिसायला लागलं.

इथं मजकुरात मला वेग सांगायचा होता, आणि तो घरच्या माणसाला वापरता येईल असा. तासाला अर्धा फूट पाणी चढत असेल तर 40 वरून 45 ला पोचायला दहा तास लागतात, तासाला फूट असेल तर पाच. हे उदाहरण मी तसंच लिहिलं, कारण ते कोणत्याही वर्षी, हातात फक्त दोन वाचनं असली तरी करता येतं. पण लगेच त्याची मर्यादाही लिहिली: पाणी पात्राबाहेर पडून शेतात आणि वस्तीत पसरू लागलं की तेवढंच पाणी जास्त जागेवर पसरतं, त्यामुळं पातळीचा चढ मंदावतो. चढ मंदावला म्हणजे पूर ओसरायला लागला, असा अर्थ लोक काढतात आणि नेमके तेव्हाच सामान खाली ठेवतात. हे वाक्य त्या स्लाइडवर मी ठळक केलं.

याच स्लाइडमध्ये आणखी एक गोष्ट तक्त्यात सापडली. एका पुराच्या रेघेचा काही भाग पट्टीनं ओढल्यासारखा सरळ होता. खरी नदी इतकी सरळ चढत नाही. तक्ता उघडला तर मधल्या तासांची नोंदच नव्हती, आणि आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं दोन टोकं जोडून दिली होती. ज्याला हे ओळखायचं असेल त्यानं रेघेवरचे मूळ ठिपके दाखवायला लावावेत. ठिपके नाहीत आणि रेघ आहे, तिथं माहिती नाही. आम्ही तो भाग तुटक केला आणि मजकुरात 'तुटक रेघ म्हणजे त्या तासांची नोंद उपलब्ध नाही' एवढंच लिहिलं.

पावसाच्या नोंदीतही वेळेची एक खोच आहे. हवामान खात्याचा 'आजचा पाऊस' म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा. महाबळेश्वरचा तो 594 मिलिमीटरचा आकडा 23 जुलैच्या नावावर आहे, पण तो पाऊस मुख्यतः 22 तारखेला दिवसा आणि रात्री कोसळला. पावसाच्या काड्या आणि पातळीची तासागणिक रेघ एकाखाली एक ठेवली तर पाऊस आणि पूर खऱ्यापेक्षा जवळ आलेले दिसतात. बघणारा म्हणतो, पाऊस पडला त्याच दिवशी पाणी आलं, आपल्याला वेळच मिळाला नाही. वेळ मिळाला होता की नाही, हाच तर प्रश्न आहे. म्हणून पावसाची काडी आम्ही तारखेच्या खुणेवर न ठेवता साडेआठ ते साडेआठ अशी पूर्ण रुंदीची काढली आणि खाली एका वाक्यात कारण दिलं.

सगळ्यात जास्त खल झाला तो कोयनेच्या स्लाइडवर. मूळ आलेखात डाव्या अक्षावर धरणातला साठा टीएमसीत, उजव्या अक्षावर विसर्ग क्युसेकमध्ये, आणि दोन रेघा एकमेकींना कात्रीसारख्या छेदणाऱ्या. बघणारा त्या छेदाकडं बोट दाखवून विचारणार, इथं काय झालं? तर काहीच झालं नाही. दोन्ही अक्षांची मापं बदलली की छेद दुसरीकडं सरकतो. साठा म्हणजे टाकीत किती पाणी आहे, विसर्ग म्हणजे नळ किती सोडला आहे. या दोन गोष्टी एकमेकींना 'ओलांडू' शकत नाहीत. आम्ही त्यांचे दोन आलेख केले, एक वर, एक खाली, दिवसांचा अक्ष सामाईक.

पण वेगळे केल्यावर त्यांचा संबंध सांगायची जबाबदारी मजकुरावर आली. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात 86,400 सेकंद. अब्जाला त्यानं भागलं की 11,574 येतात. म्हणजे साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला तर एक टीएमसी पाणी खाली येतं. 50,000 क्युसेक सोडले तर दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या वर. कोयनेची क्षमता 105 टीएमसीच्या थोडी वर आहे. आता वाचणाऱ्याला समजतं की धरण जवळजवळ भरलेलं असताना मोठा पाऊस आला तर येणारं पाणी धरून ठेवायला जागा किती उरली आहे आणि ती किती वेळ पुरेल. पाच टीएमसी जागा उरली आहे, पाणी रोज सहा टीएमसीच्या दरानं येतं आहे आणि विसर्ग बंद आहे असं धरलं, तर एका दिवसाच्या आत दरवाजे उघडावेच लागतील. हा आकडा उदाहरणासाठी घेतला आहे, असं त्याच ओळीत लिहिलं. नाहीतर कुणीतरी तो कोणत्यातरी सालाचा म्हणून पुढं पाठवून देतं.

मग तक्त्यातल्या 'एकूण विसर्ग' या स्तंभाकडं वळलो. कोयनेचं वीजनिर्मितीचं बहुतांश पाणी पश्चिमेला पोफळीकडं जातं आणि वाशिष्ठीतून कोकणात उतरतं. ते सांगलीला येत नाही. सांगलीकडं येतं ते सांडव्याच्या दरवाजांतून सोडलेलं आणि पायथ्याच्या वीजगृहातून नदीत पडणारं. पायथ्याचं वीजगृह पूर्ण चाललं तरी ते 2,100 क्युसेकच्या घरात असतं, म्हणजे पुराच्या हिशेबात थोडं, पण ते आपल्याच नदीत येतं. पश्चिमेचं पाणी या बेरजेत मिसळलं तर आलेख आपल्याला न येणाऱ्या पाण्याची भीती घालतो. सहकाऱ्यानं स्तंभ वेगळे करून आलेख नव्यानं काढला, आणि मजकुराचं पहिलं वाक्यच असं झालं: 'कोयना धरणातून नदीपात्रात सोडलेलं पाणी, पश्चिमेकडं वळवलेलं पाणी सोडून.'

या स्लाइडच्या चौथ्या वाक्यात मी लिहिलं की सांगलीचं पाणी फक्त कोयनेचं नसतं. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, पण तोवर कृष्णेनं धोम, कण्हेर, उरमोडीकडचं पाणी आणलेलं असतं, आणि धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेल्या पावसाला कुठलाच दरवाजा नसतो. कोयनेचे दरवाजे बंद असतानाही पातळी चढू शकते. हे वाक्य नसेल तर 'विसर्ग बंद झाला' ही बातमी ऐकून लोक घरी परत येतात.

वारणेचं प्रकरण आणखी नाजूक. चांदोली धरणाचं पाणी घेऊन येणारी वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि हरिपूर आयर्विन पुलाच्या खालच्या बाजूला आहे. म्हणजे वारणेचं पाणी त्या पुलाखालून जातच नाही. तरीही वारणा दुथडी असली की कृष्णेच्या पाण्याला पुढं सरकायला अडथळा होतो आणि फुगवटा वर सांगलीपर्यंत येतो. नुसता आलेख बघून कुणी म्हणेल, वारणा वाढली आणि आयर्विनला पाणी वाढलं, तर वारणेचं पाणीच आलं. मी लिहिलं: 'वारणा आयर्विनला पाणी आणत नाही, कृष्णेचं पाणी अडवून धरते. म्हणून कोयनेचा विसर्ग कमी होऊनही वारणा चढीच असेल तर सांगलीचं पाणी उतरायला वेळ लागू शकतो.'

कृष्णेवरच सांगलीच्या खाली कर्नाटकात अलमट्टी धरण आहे, आणि त्याचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो का, हा वाद आहे; त्याची स्लाइड ठेवावी की नाही यावर गटात दोन मतं होती. सांगलीत पुराची बैठक आणि अलमट्टीचा विषय निघणार नाही, असं होत नाही, म्हणून ठेवायचं ठरलं. सहकाऱ्यानं अलमट्टीची पातळी आणि आयर्विनची पातळी एकाच चौकटीत काढली होती. पण अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिली जाते, पूर्ण भरल्यावर 519.60 मीटर. आयर्विनची पातळी स्थानिक पट्टीवर फुटांत. दोन्ही एकाच समुद्रसपाटीवर आणल्याशिवाय एकीच्या पाण्यानं दुसरीचं अडलं का, हा प्रश्नच त्या चित्रावर विचारता येत नाही. शिवाय एकच पाऊस दोन्हीकडं पाणी वाढवतो, त्यामुळं रेघा एकत्र चढल्या हा पुरावा होत नाही. साहेब म्हणाले, खरं उत्तर मधल्या ठिकाणी आहे: अंकली, राजापूर बंधारा, हिप्परगी, या ठिकाणांच्या एकाच वेळच्या पातळ्या एका समुद्रसपाटीवर मांडल्या तर पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार दिसतो. फुगवटा सांगलीपर्यंत आला असेल तर तो उतार सपाट होत आलेला दिसला पाहिजे.

ते आकडे आमच्याकडं एकत्र नव्हते. म्हणून त्या स्लाइडवर दोन वेगळे आलेख दिले आणि खाली लिहिलं की या दोन आलेखांवरून अलमट्टीमुळं पूर आला असंही म्हणता येत नाही आणि आला नाही असंही नाही; ते ठरवायला मधल्या ठिकाणच्या पातळ्या लागतात, आणि बैठकीत मागायच्या असतील तर त्या मागा. ही ओळ काहींना मिळमिळीत वाटली. मला ती त्या स्लाइडवरची सगळ्यात उपयोगी ओळ वाटते, कारण लोकांना नेमकं काय मागायचं ते तिनं हातात दिलं.

सगळा मजकूर झाल्यावर तो छापून सूर्यवंशी प्लॉटमध्ये राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडं नेला. मी बोलले नाही, त्यांना वाचू दिलं. पहिल्या स्लाइडवरच थांबून त्या म्हणाल्या, "ताई, ही 40 आणि 45 ची रेघ पुलावरच्या लोकांची. आमच्या दारात पाणी त्याच्या आधीच असतंय की." खरंच होतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांतली कुटुंबं पातळी 40 ला पोचायच्या आतच हलवावी लागतात. इशारा पातळीची रेघ दाखवून 'अजून इशाऱ्याच्या खाली आहे' असं त्या वस्तीत वाचलं गेलं तर आलेखच धोक्याचा.

त्यामुळं पहिल्या दोन स्लाइडच्या मजकुरात 'तुमच्यासाठी' या शब्दाचा अर्थ वस्तीगणिक बदलला. छापताना एक रिकामी चौकट ठेवली: 'आमच्या गल्लीत पाणी येतं तेव्हा आयर्विनला ___ फूट असतं.' तो आकडा आम्ही भरला नाही. बैठकीत त्या गल्लीतल्या माणसांनी भरायचा, आधीच्या पुरांच्या आठवणीवरून, आणि दोघातिघांचे आकडे वेगळे आले तर सगळ्यात कमी असेल तो लिहायचा. दुसऱ्या स्लाइडवरचं तासांचं गणितही 40 पासून न करता त्या आकड्यापासून करायचं, असं खाली लिहिलं.

शेवटी तालुकावार वार्षिक पावसाचा एक रंगीत गोल आलेख उरला होता. दिसायला छान. शिराळ्याचा वाटा मोठा, जत आणि आटपाडीचा बारीक. त्याखाली पहिलं आणि दुसरं वाक्य लगेच जमलं, तिसरं काही केल्या जमेना. पाऊस तालुक्यांत असा वाटून दाखवण्यात मुळात अर्थ नाही, मिलिमीटरची बेरीज करून तिचा वाटा काढता येत नाही. आणि काढला तरी नदीकाठच्या घरातल्या माणसानं त्यावरून वेगळं काय करायचं? तो आलेख काढून टाकला, आणि त्या पानावर रिकामी चौकट मोठी करून घेतली.